'प्रवास ३० टक्के' म्हणजे वर्षाच्या किती रात्री घराबाहेर?

प्रश्नकर्ती: पीएलसी प्रोग्रॅमिंगचा साडेचार वर्षांचा अनुभव आहे, आत्तापर्यंत सगळं ऑफिसात बसून. भोसरीतल्या एका ऑटोमेशन कंपनीसाठी कन्सल्टन्सीतून फोन आला. जागा कमिशनिंग इंजिनीअरची, म्हणजे कस्टमरच्या प्लांटवर जाऊन सिस्टीम चालू करून द्यायची; जाहिरातीत फक्त 'प्रवास ३०%'. मुलगी दीड वर्षाची आहे, नवरा चाकणला शिफ्टमध्ये. साइटवर किती आणि किती सलग राहावं लागेल, हे पहिल्याच फोनवर विचारावं का? आणि कसं?

साइटवर वीस वर्षं: ताई, पहिल्याच फोनवर विचारा. फक्त 'प्रवास किती?' असं विचारू नका. त्याचं उत्तर '३० टक्के' हेच येणार, कारण समोरच्याच्या कागदावर तेवढंच लिहिलेलं असतं. असं विचारा: 'गेल्या बारा महिन्यांत या टीममधल्या माणसाच्या किती रात्री घराबाहेर गेल्या, आणि सलग सगळ्यांत जास्त किती?'

वर्षाच्या ३६५ दिवसांचे ३० टक्के धरले तर ११० दिवस होतात, कामाच्या अडीचशे दिवसांचे धरले तर ७५. शिवाय ते दर महिन्याला थोडे थोडे वाटून येत नाहीत. माझंच एक वर्ष सांगतो. जानेवारी ते जून पुण्यातच होतो, प्रोग्रॅम लिहायचा आणि शॉपवर एफएटी, म्हणजे माल पाठवण्याआधीची चाचणी, द्यायची. जुलैत गुजरातेतल्या एका केमिकल प्लांटवर तीन आठवड्यांसाठी म्हणून गेलो आणि ७४ दिवसांनी परत आलो. कागदावर ते वर्ष ३० टक्क्यांत बसलं. पण वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि गणपती, दोन्ही त्याच ७४ दिवसांत आले.

एवढे दिवस का लागले, तेही सांगतो. आमची पॅनेल वेळेवर पोचली होती, पण फील्ड केबलिंग अर्धंच झालेलं. पावसात कॉन्ट्रॅक्टरची माणसं गावी गेली. लूप चेकिंगला बसलो तर वॉल्व्हना एअर लाइनच नाही. मग पाण्यावर ट्रायल झाली, आणि खरा माल यायला आणखी बारा दिवस गेले. त्यानंतर पंच लिस्टमधले, म्हणजे राहिलेल्या कामांच्या यादीतले, पाच मुद्दे, त्यातले तीन आमचे नव्हतेच. पण एसएटीच्या, म्हणजे साइटवरच्या शेवटच्या चाचणीच्या, कागदावर सही झाल्याशिवाय कस्टमर सोडत नाही. शेवटचे तीन आठवडे मला दिवसाला दोन तासांचं काम होतं, तरी निघता येत नव्हतं.

म्हणून दुसरा प्रश्न: 'ठरलेल्यापेक्षा जास्त दिवस लागले तर त्याचे पैसे कोण देतं?' ऑर्डर ठरावीक रकमेची असेल तर तुमचा लॉज आणि बाहेरगावचा रोजचा भत्ता, म्हणजे डीए, कंपनीच्या खिशातून जातो, आणि साहेब स्वतःच तुम्हाला लवकर परत आणायच्या मागे लागतो. वरच्या दिवसांचं बिल कस्टमरला लागत असेल तर तुम्हाला परत बोलवायची घाई कुणालाच नसते.

भरती करणारी: मी याच क्षेत्रात भरती करते आणि मला हे पटत नाही. पहिल्या फोनला दहा मिनिटं असतात, एका जागेसाठी तीस-चाळीस फोन करायचे असतात. तेव्हा कुणी प्रवासाचं काढलं की शेऱ्यात 'ट्रॅव्हल इश्यू' एवढंच जातं आणि मॅनेजर पुढे वाचत नाही. टेक्निकल राउंड होऊ द्या. तुम्ही त्यांना हव्याशा वाटलात की मग विचारा. आणि खरं सांगते, कन्सल्टन्सीतल्या मुलीला रात्रींचा आकडा माहीत नसतो. फार खोदून विचारलंत तर ती अंदाजाने काहीतरी सांगेल, आणि तुम्ही ते खरं धरून बसाल.

साइटवर वीस वर्षं: अंदाजाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण तीन राउंडसाठी तीन रजा टाकून शेवटी 'सलग चार महिने' ऐकायचं, हेही बरोबर नाही. आधी आपलं सांगायचं, मग विचारायचं: 'साइटला मी तयार आहे, सलग तीन आठवडे जमतात. या जागेला त्याहून जास्त लागतं का? तुम्हाला माहिती नसेल तर मॅनेजरना विचारून सांगाल?' असं म्हटल्यावर शेरा काय लिहाल?

भरती करणारी: 'तीन आठवडे चालेल' असा लिहीन, आणि मॅनेजरला विचारीनसुद्धा. पण माझ्यासारखं सगळे विचारतील याची खात्री देत नाही.

एसएपीवाला: ऑनसाइट मिळणार का हे विचारायला एवढं घाबरायचं कशाला? मी तर दर वेळी पहिला प्रश्न तोच टाकतो. गो-लाइव्हनंतर हायपरकेअरला, म्हणजे नुकतीच चालू झालेली सिस्टीम सांभाळायला, थांबून थांबून डीएमधून घराच्या कर्जाचे हप्ते फेडले.

पॅनेलवाली: अहो दादा, त्यांना साइट मिळावी म्हणून नाही, किती मिळेल ते कळावं म्हणून विचारायचंय.

एसएपीवाला: नीट वाचलं नाही, माफ करा. मग माझ्याकडची एक गोष्ट कामाची आहे. ९० दिवस झाल्यावर आमच्याकडे 'प्रवास' संपून 'डेप्युटेशन' सुरू व्हायचं. त्या दिवसापासून डीए निम्मा, आणि ते दिवस प्रवासाच्या टक्क्यांत धरायचेच नाहीत. माझ्या नावावर त्या वर्षी २५ टक्के प्रवास होता आणि मी आठ महिने घरी नव्हतो. टक्क्यांत डेप्युटेशन धरलंय का, एवढं विचारून घ्या.

तीन वर्षं साइट: मला हा सगळा हिशोबच खटकतो. मोटर उलटी फिरते, सेन्सर उन्हात चुकीचं दाखवतो, हे ऑफिसात सिम्युलेटरवर कधीच कळत नाही. कमिशनिंग घ्यायचं तर दिवस मोजू नयेत. घरी राहायचं असेल तर डिझाइनला जावं.

पॅनेलवाली: घरी राहायचंय असं त्यांनी कुठे म्हटलंय? मुलीला कुणाकडे आणि किती दिवस ठेवायचं, ते आधी ठरवावं लागतं. शिकण्याबद्दल तुझं खरं आहे, मीही साइटवरच शिकले. ताई, एक माझ्याकडून: राहायची सोय प्लांटपासून किती लांब आहे आणि रात्री ट्रायल लांबली तर गाडी कोण देतं, हे विचारा. मला एकदा रात्री साडेअकराला गेटवर पाऊण तास उभं राहावं लागलं होतं. तेव्हापासून गाडीचं ठरल्याशिवाय मी तिकीट काढत नाही.

प्रश्नकर्ती: सगळ्यांचे आभार. विचारलं. कन्सल्टन्सीतून 'बहुतेक दोन-दोन आठवडे' असं उत्तर आलं, म्हणून टेक्निकल राउंडच्या शेवटी मॅनेजरनाच विचारलं. त्यांनी लॅपटॉप उघडून बघून सांगितलं: गेल्या वर्षी एकाच्या ९६ रात्री, दुसऱ्याच्या १४१, सलग जास्तीत जास्त ५२. डेप्युटेशन त्यात धरलेलं आहे. ४५ दिवसांनी बदली माणूस पाठवतो म्हणाले. ते ऑफर लेटरमध्ये घालाल का विचारलं तर एचआर नाही म्हणाले. तिथे 'कंपनी सांगेल त्या ठिकाणी काम करावे लागेल' हेच राहणार.

साइटवर वीस वर्षं: मग 'आपल्या बोलण्याप्रमाणे ४५ दिवसांनी बदली' अशी दोन ओळींची मेल तुम्हीच मॅनेजरना टाका आणि उत्तर येऊ द्या.

भरती करणारी: मेलला 'ओके' येईलही, पण ऑफर लेटरमधल्या त्या वाक्यापुढे ती टिकणार नाही. आणि मॅनेजर बदलला की त्या मेलला कुणी विचारत नाही.

साइटवर वीस वर्षं: कोर्टात टिकण्यासाठी नाही सांगत. ४६व्या दिवशी फोन करताना हातात काहीतरी असावं म्हणून.

प्रश्नकर्ती: मेल आजच टाकते. पण तुमचं वाचताना एक लक्षात आलं. गेल्या वर्षी साइटला जाणारे ते दोघंच होते, आणि ही जागा त्यांच्यापैकी एकाने सोडल्यामुळे रिकामी झालीय. दोन साइट एकदम चालू असतील तर ४५व्या दिवशी माझ्या जागी येणार कोण? कळवायची मुदत गुरुवारपर्यंत आहे, उद्या सकाळी हे विचारते.