मदत हवी आहे: ग्रामसभेत सुरुवातीला कोणाला आधी नमस्कार करावा?

येत्या ग्रामसभेचं प्रास्ताविक माझ्याकडे आहे. सुरुवात अशी लिहिलीय: ‘सभेच्या अध्यक्षा सरपंचताई, उपसरपंच, सर्व सदस्य, गावातील वडीलधारी मंडळी, माता-भगिनी आणि तरुण मित्रांनो, सर्वांना नमस्कार.’

अध्यक्षांचं नाव आधी, हे ठीकच. पण वडीलधारे सदस्यांच्याही मागे गेलेले खटकतात. सरपंचताईंनंतर लगेच त्यांना घेतलं तर चालेल का? शिवाय ‘वडीलधारी’ म्हटलं की नजर फेटेवाल्यांकडेच जाते, पुढे बसलेल्या आज्या राहून जातात. ‘ज्येष्ठ माता-पित्यांनो’ कसं वाटेल?

ग्रामसभेआधी महिला सभा होते आणि तिथले विषय इथे येतात, म्हणून भगिनींना नुसतं उरकून टाकायचं नाही. ‘तरुण मित्रांनो’त मुली येतात का? ‘युवक-युवतींनो’ फारच प्रचारसभेतलं वाटतं. तुमच्या गावात काय म्हणतात?