मदत हवी आहे: पंपहाऊसच्या चार्ज-चिठ्ठीतली एक ओळ कळेना, अँपिअर पडलेत

दूधगंगाकाठ (सोमवार, सकाळी ८:१०)
लवकर सांगा कुणीतरी. आमच्या उपसा संस्थेच्या पंपहाऊसचा चार्ज माझ्याकडे येऊन तीन आठवडे झाले. आधीचे मेंटेनन्सचे साहेब निवृत्त होताना दोन पानी चिठ्ठी देऊन गेले, दर सोमवारी काय बघायचं त्याची. आता फोन लावतोय तर लागत नाही.

मोटर ५० एचपी. रजिस्टरला ६२ अँपिअर दिसतात, आज ५३ आहेत. पंपात कुणी खडी टाकल्यासारखा आवाज येतोय. शेवटच्या पाळीतल्या उसाला पाणी पोचेना, सकाळपासून चार जण येऊन उभे आहेत. चिठ्ठीत लिहिलंय:

"अँपिअर कमी आले म्हणून खूश होऊ नये. काटा चढला तर आधी आत, मग बाहेर, मग खाली."

आत म्हणजे कुठे? पंप उघडायचा का?

निपाणीचा_वायरमन
अँपिअर कमी म्हणजे पंपावर लोड येत नाही. डिलिव्हरी व्हॉल्व कुणीतरी अर्धा बंद केलाय. पूर्ण उघडा, अँपिअर आपोआप चढतील. आणि 'आत' म्हणजे पंपाच्या आत, त्यात काय कळायचंय? वरचं केसिंग काढा, इंपेलर खाल्लेला असणार. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं.

फिटर_अण्णा
थांबा ओ, केसिंगला पाना लावू नका. चिठ्ठीतला 'काटा' म्हणजे सक्शनचा वॅक्यूम गेज. तो किती दाखवतोय ते तुम्ही लिहिलंच नाही. पाणी थेट नदीतून ओढता की जॅकवेल आहे? ग्लँडचं काय चाललंय?

खानापूर_माळ
आमची बोअरची मोटर साडेसात एचपी, ६०० फुटांवर. तीही दहा मिनिटांत ट्रिप होते. हाच प्रॉब्लेम असेल का?

दूधगंगाकाठ
जॅकवेल आहे, सगळ्यांकडे असतेच की. नदीतून पाइप विहिरीत, विहिरीतून सक्शन. वॅक्यूम ४२० दाखवतोय. व्हॉल्व पूर्ण उघडाच आहे. ग्लँडमधून पाणी ठिबकत होतं, ते मी काल आवळून बंद केलं. चांगलं कोरडं झालंय.

फिटर_अण्णा
तो ग्लँड आधी. पंप बंद करा आणि ग्लँडला हात लावून बघा.

दूधगंगाकाठ
चटका बसला. जळका वासही आहे.

फिटर_अण्णा
आता त्यावर गार पाणी ओतू नका, तापलेल्या शाफ्ट स्लीव्हला तडा जाईल. आपसूक निवू दे. मग दोन्ही नट सारखे, पाव-पाव फेरा सैल करा आणि चालू करून बघा. ग्लँड ठिबकलाच पाहिजे, तेच पाणी पॅकिंगला गार ठेवतं. थेंब बंद केला की दोरी जळते, कडक होते आणि स्लीव्हवर चर पाडते. चिठ्ठीत थेंबांचं काही लिहिलंय का?

दूधगंगाकाठ
लिहिलंय, "मिनिटाला ४० ते ६० थेंब. घड्याळ लावून मोजणे." मला वाटलं गळती जास्तीत जास्त किती चालेल ते सांगितलंय. खालीच फरशीवर पाणी साचत होतं म्हणून आवळलं.

अथणीकर
वॅक्यूम आणि अँपिअर कशाला बघत बसलाय? हवा शिरतेय, दुसरं काही नाही. माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. पंप चालू ठेवून उदबत्ती पेटवा आणि सक्शनच्या प्रत्येक फ्लँजजवळ, ग्लँडजवळ धरा. जिथे धूर आत ओढला जाईल तिथे भोक. तिथे एमसील लावा, विषय संपला.

फिटर_अण्णा
उदबत्तीची युक्ती बरोबर आहे, मीही वापरतो. पण हवा शिरली तर काटा खाली येतो, अथणीकर. यांचा चढलाय. चढलेला काटा म्हणजे पंपाला पाणी जास्त जोर लावून ओढावं लागतंय. एक तर पाणी खोल गेलं, नाही तर वाटेत अडकलं.

दूधगंगाकाठ, जानेवारीत अँपिअर नीट होते तेव्हा काटा किती होता? आणि पट्टी? साहेबांनी एका ओळीत लिहिलं असेल.

दूधगंगाकाठ
हो, तसंच आहे. जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी: काटा २८०, पट्टी ३.१, अँपिअर ६२. नदीचं पाणी तेव्हापासून एक हातभर उतरलंय, दीड फूट धरा. बंधाऱ्याचे बरगे आहेत अजून.

निपाणीचा_वायरमन
दीड फुटाने काही होत नाही. मी सांगतो तो इंपेलरच.

फिटर_अण्णा
दीड फुटाने होत नाही हे खरं. म्हणूनच विचारतोय. काट्यावरचे साधारण ७४ मिलीमीटर म्हणजे एक मीटर पाणी. तुमचा काटा १४० ने चढलाय, म्हणजे जवळजवळ एक मीटर ९० सेंटीमीटर. नदी उतरली त्यातली जेमतेम ४५ सेंटीमीटर. उरलेलं दीडेक मीटर कुठून आलं? इंपेलर झिजून काटा चढत नाही, पाणी कमी ओढलं जात असल्यामुळे उलट थोडा उतरेल.

आता मला एवढंच सांगा, तुम्ही पट्टी कुठे बघितली?

दूधगंगाकाठ
घाटावर. नदीची पट्टी तिथेच रंगवलीय. विहिरीची पट्टी आत अंधारात आहे, कोण वाकून बघणार.

फिटर_अण्णा
तेच तुमच्या साहेबांचं 'आधी आत'. आत म्हणजे विहिरीच्या आत. पंप चालू असताना दोरीला वजन बांधून फरशीपासून पाण्यापर्यंत मोजा. मग पंप बंद करून पाऊण तासाने परत मोजा. दोन्ही आकडे इथे टाका. तोवर चालवायचंच असेल तर डिलिव्हरी व्हॉल्व थोडा थोडा बंद करत न्या, आवाज कमी होईल तिथे थांबा. पाणी कमी मिळेल पण इंपेलर वाचेल.

निपाणीचा_वायरमन
मी उघडायला सांगतो, तुम्ही बंद करायला सांगता. शेतकऱ्याला पाणी पाहिजे की नको?

फिटर_अण्णा
पाहिजे, म्हणूनच. निरोगी पंपाला तुमचं म्हणणं लागू आहे, व्हॉल्व उघडला की पाणी आणि अँपिअर दोन्ही वाढतात. हा पंप पाण्यावाचून तडफडतोय. ४२० चा काटा म्हणजे पावणेसहा मीटरची ओढ. नदीकाठ समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर, इथली हवा पाणी ढकलून ढकलून साडेनऊ-पावणेदहा मीटर ढकलणार. त्यात आपल्या ओढीचे गेले की इंपेलरच्या तोंडाशी फार थोडं उरतं. तिथे पाण्याचे बुडबुडे होतात आणि पुढे जाऊन फुटतात, ती खडी त्यांची. व्हॉल्व आणखी उघडला तर आणखी ओढ.

चिकोडी_सदलगा
विषयाला सोडून आहे, पण अशी चिठ्ठी मराठीत लिहितात की कन्नडात? आमच्याकडे ऑपरेटर कन्नड, वॉचमन मराठी, रजिस्टर इंग्रजी. एकाने लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येत नाही.

अथणीकर
आम्ही आकडे लिहितो, ते सगळ्यांना कळतात. खरा त्रास थ्री फेज लाईटचा आहे. रात्री देतात, ऑपरेटर झोपेत थेंब मोजणार का?

दूधगंगाकाठ (सोमवार, दुपारी १:४०)
मोजलं. पंप चालू असताना विहिरीत ४.६ मीटर. बंद करून पाऊण तासाने ३.५५ ला आलं, तिथेच थांबलं. ग्लँड सैल केला, पण ठिबकायच्या ऐवजी धारच लागलीय. व्हॉल्व बंद करत गेलो तर आवाज निम्म्यावर आला.

फिटर_अण्णा
आता बघा कसं जुळतं. पंप बंद असताना विहीर ३.५५, म्हणजे जानेवारीपेक्षा ४५ सेंटीमीटर खाली, तुमच्या नदीएवढीच. पंप चालू झाला की ती मीटरभराने बसते. नदीत पाणी आहे, विहिरीत येत नाहीये. नदीकडून येणारा पाइप तुंबलाय. जानेवारीपासून चालू पंपावर एकूण दीड मीटर उतरलं, त्याचे ११० मिलीमीटर. २८० आणि ११० म्हणजे ३९०. काटा ४२० म्हणतोय. वरचे ३० मिलीमीटर फूट व्हॉल्वच्या जाळीतल्या पाल्याचे असतील, नाही तर गेजची चूक. गेज सोडवून बघा, काटा शून्यावर येतो का ते.

आधी आत बघितलं. आता बाहेर, म्हणजे नदीतलं इंटेकचं तोंड. मग खाली, फूट व्हॉल्व. साहेबांनी क्रम नीट लावलाय. खालचं काम सगळ्यात अवघड म्हणून शेवटी ठेवलंय.

इंटेकला माणूस उतरण्याआधी मोटरचे कटआउट काढून स्वतःच्या खिशात ठेवा. नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही. पाइपाच्या तोंडाची ओढ माणसाला सोडत नाही.

अथणीकर
तरी मी म्हणतो उदबत्ती फिरवून बघाच.

खानापूर_माळ
माझ्या बोअरचं कुणी सांगेल का?

फिटर_अण्णा
खानापूर, बोअरला सक्शनच नसतं, मोटर पाण्यातच असते. तुमचं वेगळं आहे. व्होल्टेज आणि ट्रिप होतानाचे अँपिअर लिहून वेगळा धागा काढा.

दूधगंगाकाठ (बुधवार, संध्याकाळी ७:२५)
काल लाईट नव्हती त्या वेळात काम केलं. इंटेकच्या जाळीला केंदाळाचा आणि उसाच्या पाचटाचा गादीएवढा थर होता, वर एक फाटकं खताचं पोतं. पाइपात कोपरभर गाळ, तो पूर्ण निघाला नाही. गेज शून्यावर नीट येतोय. आज चालू केल्यावर अर्ध्या तासाने विहिरीत ३.६५, काटा ३२५, अँपिअर ६०. खडीचा आवाज गेला, कान लावला तर बारीक काहीतरी आहे. पाणी शेवटच्या पाळीपर्यंत पोचलं.

उदबत्तीही फिरवली. धूर कुठेच ओढला गेला नाही.

ग्लँडची धार मात्र कमी होत नाही. आणि दोन अँपिअर कुठे गेले?

निपाणीचा_वायरमन
ते दोन इंपेलरचे. महिनाभर खडी खाल्लीय त्याने.

फिटर_अण्णा
असू शकेल, यावेळी नाही म्हणत नाही. नदी खाली आहे म्हणून पाणी थोडं कमी येतं, त्याचाही एखादा अँपिअर असेल. व्होल्टेज किती होतं तेही लिहिलेलं नाही. पुढचे तीन सोमवार आकडे बघितल्याशिवाय मी पंप उघडणार नाही.

ग्लँडची दोरी जळलीय, ती आवळून भागणार नाही. सगळ्या कड्या काढा, जुन्यावर नवी चढवू नका. ग्रॅफाइटची दोरी शाफ्टवरच गुंडाळून तिरकी कापा, प्रत्येक कडीचा सांधा आधीच्या सांध्याच्या विरुद्ध बाजूला येऊ द्या. दोरी काढल्यावर स्लीव्हवर नख फिरवा. नख अडकलं तर चर पडलाय, मग नवी दोरीही फार टिकणार नाही.

दूधगंगाकाठ
नख अडकतंय. एका ठिकाणी चांगलंच. स्लीव्ह बदलायची तर शाफ्ट काढावा लागेल ना? हंगाम संपेपर्यंत असंच चालेल का?

फिटर_अण्णा
शाफ्ट काढावाच लागेल. तेव्हा इंपेलरही दिसेल, निपाणीकरांचं आणि माझं तिथेच मिटेल. तोवर नवी दोरी घालून चालवा, पण थेंब सोमवारची वाट न बघता रोज मोजा. शंभराच्या वर गेले तर किंचित आवळा, चाळीसच्या खाली नेऊ नका. आणि विहिरीच्या पट्टीजवळ एक बल्ब लावून घ्या.

चिकोडी_सदलगा
ती चिठ्ठी पूर्ण टाका की इथे. फोटो काढून. आमच्याकडे साहेब पुढच्या महिन्यात जाणार आहेत, त्यांच्याकडून असंच लिहून घेतो.

दूधगंगाकाठ
टाकतो उद्या. दुसऱ्या पानावर बेअरिंगचं लिहिलंय, "हात ठेवून तीन मोजता आले नाहीत तर बंद करणे." ते मात्र मी पहिल्या दिवसापासून करतोय.