प्रतिसाद: खाड्यांचा हिशोब

> मावशींना घरच्यासारखंच वागवतो, पण खाडे फार होतात. पैसे कापावेत का?

आधी सुट्ट्या ठरल्यात का ते बघा. धुणं-भांडी आणि केर-फरशीचे महिना २४०० रुपये देत असाल आणि खाड्यामागे ८० कापत असाल, तर तुम्ही तीसही दिवस कामाचे धरलेत. म्हणजे त्यांना रविवारच नाही! चार भरपगारी सुट्ट्या आधीच ठरवा, आजारपण वेगळं धरा, मग उरलेल्या खाड्यांबद्दल बोला. २००८ च्या कायद्याने राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळ आलं, नोंदणी झाल्यास योजनांचा लाभ मिळतो. सुट्टी मात्र घरोघरी बोलूनच ठरते. आणि तुम्ही गावाला गेलात तर त्या दिवसांचे पैसे कापू नका. तो खाडा तुमचा.