मदत हवी आहे: चांदीच्या करंड्यात 'प्रिये' कोरावं का?

पंचगंगेकाठचा
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाला वर्ष होतंय. बायकोसाठी हुपरीच्या एका कारागिराकडून चांदीचा करंडा करून घेतोय. झाकणाच्या आतल्या बाजूला सात-आठ अक्षरं कोरून मिळतील. मी कागदावर "प्रिये, तुझाच" असं लिहिलंय. ताईला दाखवलं तर म्हणाली, "नाटकातलं वाटतंय. तिला अशी हाक कधी मारतोस का?" नाही मारत. घरात "अगं" म्हणतो, नाहीतर नाव घेतो. "शोना", "पिल्लू" हे माझे शब्दच नव्हेत. ती म्हातारपणी करंडा उघडेल तेव्हाही तिला आपला वाटेल असा शब्द हवाय. एकदा कोरलं की खोडता येणार नाही, म्हणून विचारतोय.

सरळ_रस्ता
ताईंचं बरोबर आहे. संस्कृतातनं आलेलं काहीही बोलण्यात जुनाटच वाटतं. "राणी" लिहा, अस्सल मराठी.

निवृत्त_मास्तर
"राणी" चालेल, पण कारण ते नव्हे. राणी 'राज्ञी'वरूनच आली, आणि पोराला आपण लाडानं "सोन्या" म्हणतो ते सोनंही 'सुवर्णा'चंच. "राजा" तर संस्कृतातला जसाच्या तसा. महाद्वार रोडवर गर्दीत पोराचा हात धरून "चल माझ्या राजा" म्हणणारी आई आजही भेटते. ते कुणाला जुनाट वाटतं?
अडचण आहे ती शेवटच्या 'ए'ची. प्रियाचं 'प्रिये' हे संस्कृत संबोधन पद्यात आणि संगीत नाटकात राहिलं. 1882 च्या 'सौभद्रा'त कृष्ण रुक्मिणीला "प्रिये" म्हणतो, आणि आपल्या कानाला अजून तोच सूर ऐकू येतो. घरात तसं कुणी म्हणत नाही.

गडहिंग्लजची_लेक
सर, 'ए' गेला असं कसं म्हणता? आमची आजी अजून "शांते, हिकडं ये" म्हणती.
माझंपण एक विचारायचं होतं. आमचे हे फौजेत आहेत. मी अजून त्यांना कागदावर पत्र लिहितो. सासूबाई म्हणतात, नवऱ्याला नावानं लिहू नये. म्हणून मी "प्रिय अहो" असं लिहितो. ते चूक आहे का? जुन्या गाण्यात बाई नवऱ्याला "प्रिया" म्हणती, तसं लिहावं काय?

निवृत्त_मास्तर
शांतेचा मुद्दा मान्य, माझं चुकलं. नावामागचा 'ए' गावाकडं अजून जिवंत आहे, मायेनंही आणि रागानंही. मग "प्रिये" का अडतं? मला वाटतं, तो शब्द कधी उंबरठ्याच्या आत आलाच नाही. एक करून बघा: शब्दाच्या आधी "अगं" लावा. "अगं राणी" बसतं, "अगं शांते" बसतं, ओव्यांची सवय असेल तर "अगं सखे"ही बसतं. "अगं प्रिये" मात्र तोंडात अडकतं.
पुरुषाला "प्रिया" हे मराठीच्या नियमानं बरोबर आहे: देव-देवा, मित्र-मित्रा, तसं प्रिय-प्रिया. पण आज वाचणाऱ्याला ते मुलीचं नाव वाटतं. तुमचं "प्रिय अहो" फार सुंदर आहे, बदलू नका. आणि पंचगंगेकाठचे, तुमचं उत्तर त्यातच आहे. 'प्रिय' हाक म्हणून जुना झाला, पण पत्राच्या पहिल्या शब्दाच्या जागी अजून रोजचा आहे. करंड्यातली ओळ ही हाक नव्हे, चिठ्ठी आहे. "प्रिय" आणि पुढं तिचं नाव लिहा.

सरळ_रस्ता
बाई आहे म्हटल्यावर "प्रिया" नको का?

निवृत्त_मास्तर
नको. आपण "प्रिय आई" लिहितो, "प्रिया आई" नाही. मराठीत हे विशेषण बाई असो वा बुवा, बदलत नाही. जुन्या वळणानं नावाला 'स' लावून "प्रिय सीतेस" असंही लिहीत.

पंचगंगेकाठचा
'चिठ्ठी आहे' हे वाचलं आणि डोक्यातला गुंता सुटला. आज हुपरीला जाऊन आलो. कारागीर म्हणाले, बारीक अक्षरात 'प्रि'ची खालची तिरकी रेघ शेजारच्या दांडीत मिसळते आणि 'पि' वाचलं जातं. म्हणून "प्रिय" आणि नाव वरच्या ओळीत मोठं, "तुझाच" खाली लहान, असं ठरवलं. त्यांनी आधी पितळेच्या तुकड्यावर कोरून दाखवलं, 'प्रि' स्वच्छ आला.
'स' लावावा की नाही, यावर मात्र मी आणि ताई अजून अडलोय. तिला 'स' हवाय, वडील आईला तसंच लिहायचे. मला नुसतं नाव बरं वाटतं, कारण मी तिला तसंच बोलावतो. गुरुवारपर्यंत सांगायचंय.

गडहिंग्लजची_लेक
नुसतं नाव. 'स' वडलांच्या पत्रातला आहे, तुमच्या नव्हे.

सरळ_रस्ता
मी अजून राणीवरच आहे.