जूनचा एकच खर्च सगळा आलेख झोपवतो: पहिल्या पडद्यावर काय दाखवावं?

तापीकाठ:
मी चोपड्याचा. घरखर्च नोंदवायचं एक छोटं वेब ॲप केलंय, आमच्या गल्लीतली सहा-सात घरं वापरतात. सगळ्यांचे फोन साधे, पडदा ३६० पिक्सेल रुंद. पहिल्या पडद्यावर रोजच्या खर्चाचे उभे स्तंभ आहेत आणि खाली खर्चाच्या प्रकारांचा गोल आलेख. १२ जूनला आम्ही कपाशीचं बियाणं आणि खत घेतलं, ३८,००० रुपये. तेव्हापासून एकच स्तंभ उभा दिसतो, बाकीचे दिवस जमिनीला चिकटलेत. गोलातही खताचाच मोठा तुकडा. जूनचा एकूण खर्च ६०,४००: खत-बियाणं ३८,०००, किराणा ९,२००, शाळेची फी ६,५००, पेट्रोल २,६००, दवाखाना १,८५०, वीज-मोबाइल १,४५०, किरकोळ ८००. स्तंभ ठेवू, गोल ठेवू, की दोन्ही काढू?

धुळेकर:
काढू नको भो. अक्ष लॉग स्केलवर घे, म्हणजे १०, १००, १००० अशा दहापटीच्या पायऱ्या सारख्या अंतरावर येतात. एका ओळीचा बदल आहे. लहान-मोठे सगळे स्तंभ दिसायला लागतील. आणि गोल लोकांना आवडतो. माझ्या वडिलांनी आयुष्यात आलेख पाहिला नव्हता, पण गोल बघून "अर्धं तर किराण्यातच जातं" असं लगेच म्हणाले.

सातपुडा:
धुळेकर भाऊ, लॉगने स्तंभ दिसतील हे खरं, पण ते काय सांगतील ते बघा. समजा आलेखाची उंची १६० पिक्सेल आहे. आत्ताच्या साध्या अक्षावर ३०० रुपयांचा दिवस सव्वा पिक्सेलचा होतो, म्हणून तो दिसत नाही. तोच अक्ष १० ते १ लाख असा लॉगवर घेतला, तर ३०० चा स्तंभ साधारण ५९ पिक्सेल आणि ३८,००० चा १४३. खर्च सव्वाशे पटीहून जास्त आणि स्तंभ जेमतेम अडीच पट. स्तंभाची उंची म्हणजे रक्कम, असंच माणूस वाचतो. कडेच्या बारीक आकड्यांत १०, १००, १००० असं लिहिलंय म्हणून तो डोळ्यांची सवय बदलत नाही. शिवाय ज्या दिवशी खर्च शून्य, तो दिवस लॉगवर मांडताच येत नाही, आणि घरखर्चात असे दिवस भरपूर असतात.

वडिलांना गोल कळला, कारण तिथे एकच मोठा तुकडा होता. तापीकाठच्या जूनमध्ये किरकोळ ८०० म्हणजे पाच अंशांपेक्षाही बारीक फाक. दवाखाना आणि वीज-मोबाइल यांत मोठं कोणतं, हे फाकेवरून सांगून दाखवा. कोनापेक्षा एका रेषेवरून मोजलेली लांबी डोळा जास्त अचूक ओळखतो, हे क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ सालीच प्रयोगांनी दाखवलंय. गोलाच्या जागी आडव्या पट्ट्या घ्या, मोठी वर, लहान खाली. सात प्रकार, प्रत्येक ओळ ४८ पिक्सेल, म्हणजे ३३६ पिक्सेल उंची. एवढ्या ओळीवर बोटही नीट बसतं.

शिरपूरची_मावशी:
मला ते लॉग वगैरे कळलं नाही, पण माझ्या भाच्याने मला असंच एक ॲप दिलं होतं. माझ्या फोनवर अक्षर मोठं करून ठेवलंय, चष्मा लागतो. त्यात "किराणा" चं "किरा…" झालं आणि "दवाखाना" चं "दवा…". मला वाटलं औषधांचा खर्च वेगळा धरलाय, म्हणून गोळ्यांचे पैसे मी दोनदा लिहिले. महिनाभर हिशोब जुळेना. शेवटी वहीत लिहायला लागले. आणि मे महिन्यात दुपारी ओट्यावर उन्हात बसून बघितलं तर फिका पिवळा आणि फिका हिरवा सारखाच दिसतो, काही ओळखू येत नाही.

सातपुडा:
मावशी, तुम्ही सांगितलं ते बारीकसारीक नाही, मूळच आहे. तापीकाठ, पट्टीच्या डावीकडे नावाला ठराविक रुंदी दिली आणि `overflow: hidden`, `white-space: nowrap` सोबत `text-overflow: ellipsis` लावलं की हेच होतं. नाव वरच्या ओळीत पूर्ण लिहा, त्याच ओळीत उजवीकडे रक्कम, आणि पट्टी त्याखाली पूर्ण रुंदीने. अक्षर मोठं केलं तर ओळ उंच होऊ द्या, नाव कापू नका. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट तरी हवी, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार छाटला जातो. इंग्रजी अक्षरांवर तपासलं तर हा दोष सापडतच नाही. आणि सगळ्या पट्ट्या एकाच गडद रंगाच्या ठेवा. नाव शेजारीच असताना रंगाने ओळखायची गरज उरत नाही.

तापीकाठ:
पट्ट्या पटल्या. तपासलं तर माझ्याकडेही "वीज-मो…" असंच येतंय, आजच सुधारतो. पण रोजच्या स्तंभांचं काय? तिथे ३८,००० आहेतच.

सातपुडा:
कडेची मोकळी जागा सोडली की ३२८ पिक्सेल उरतात. त्यात ३० दिवस बसवले तर एका दिवसाला अकराही नाहीत. बोट नेमक्या दिवसावर पडतच नाही, शेजारचा उघडतो. म्हणून मी आठवड्याचे पाच स्तंभ घेईन. अक्ष ६,००० ला थांबवीन आणि त्यापुढचा स्तंभ वरून तुटलेला काढून त्याच्या डोक्यावर पूर्ण रक्कम लिहीन.

धुळेकर:
म्हणजे मी लॉग म्हटलं तर फसवणूक, आणि तुम्ही स्तंभ कापला की चालतं? ३८,००० चा स्तंभ ६,००० ला कापल्यावर तोही फक्त दुप्पट-तिप्पटच दिसणार.

सातपुडा:
तुमची हरकत बरोबर आहे. कापलेला स्तंभही उंचीने खोटं बोलतो. फरक एवढाच की तो एकच खोटा असतो आणि तुटलेला दिसतो. लॉगमध्ये सगळेच बदलतात आणि खूण कुठेच नसते. तरी घाईत बघणारा फसू शकतो, हे मान्य. म्हणून पहिल्या पडद्यावर मी आधी एक वाक्यच ठेवीन: "१२ जूनपर्यंत घरखर्च ६,४००. मे महिन्यात १२ तारखेपर्यंत ७,१००." आकडे उदाहरणाचे आहेत. तुलना त्याच तारखेपर्यंत करा. अर्धा जून आणि अख्खा मे शेजारी ठेवला तर दर महिन्याच्या मध्यात बचत झाल्याचा भास होतो, आणि २५ तारखेनंतर तो ओसरतो. शेतीखर्च त्याखाली वेगळ्या ओळीत.

तापीकाठ:
इथे मात्र माझं जमत नाही दादा. खताचे पैसे त्याच खिशातून जातात. गेल्या वर्षी मी शेती वेगळी केली होती, तर आईला वाटलं घरात पैसे आहेत, आणि फी भरायच्या वेळी हात रिकामे. वेगळी ओळ खाली गेली की ती कुणी बघत नाही.

सातपुडा:
मग दोन्ही रकमा एकाच वाक्यात घ्या, एकाच आकाराच्या अक्षरात: घर इतके, शेती इतके. खाली सरकवायला लागू नये. आलेख मात्र फक्त घराचा.

शिरपूरची_मावशी:
आमच्याकडे खत कृषी केंद्रातून उधारीवर येतं, पैसे कापूस विकल्यावर, दिवाळीच्या आसपास. मग तो खर्च जूनमध्ये लिहायचा की दिवाळीत?

धुळेकर:
पैसे गेले त्या दिवशी. जूनमध्ये खिशातून काही गेलंच नाही.

तापीकाठ:
पण मावशी, जूनमध्ये लिहिलं नाही तर दिवाळीपर्यंत पडद्यावर ते देणं कुठेच दिसणार नाही. गल्लीतल्या दोन घरांचं असंच आहे. मी "देणं बाकी" ची ओळ पोकळ पट्टीने काढून बघतो, नुसती कडा, आत रंग नाही. दिवाळीत पैसे दिले की ती भरायची. आधी आईला दाखवतो, तिला न सांगता कळतं का ते बघून इथे लिहितो.