टाकी धुण्याची नोटीस आणि उघडा राहिलेला नळ

तळमजला_कावेरी
आज लिफ्टजवळ सेक्रेटरींची नोटीस लागलीये. गुरुवारी ९ ते ६ वरची आणि खालची टाकी धुणार, आदल्या रात्री पाणी भरून ठेवा, आणि शेवटी 'बाहेर जाताना नळ बंद आहेत ना, बघा'. ते वाचलं आणि सगळं आठवलं. मागच्या वेळी टाकी धुतली तेव्हा मी नळ सोडून पाहिला, थेंब नाही, तसाच उघडा ठेवून ऑफिसला गेले. सिंकच्या जाळीवर ओलं फडकं पडलेलं. परत आले तर दाराखालून पाणी जिन्यात उतरत होतं. कपाटाचं खालचं प्लायवूड फुगलं ते फुगलंच. तुमचंही काही असेल तर लिहा.

बादलीवाली
अगं बाई गं! आमच्याकडे फक्त चटई भिजली. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

पंपघर
पाच वर्षं टाकीचं काम मीच बघायचो. भरण्यापेक्षा पाणी परत येतं ती वेळ सांभाळा. घासून, ब्लीचिंग पावडर मारून, धुऊन टाकी भरली तरी पाइपातला गाळ सुटून येतोच. म्हणून बाथरूमचा खालचा नळ आधी सोडा, हवा फुसफुसत बाहेर पडू द्या. फिल्टर आणि वॉशिंग मशीनचे कॉक तोवर बंद. आमच्या विंगमध्ये एकांनी आल्याआल्या मशीन लावलं, पांढऱ्या शर्टांवर तांबूस डाग पडले आणि मशीनची जाळी चिखलाने बुजली.

दुसरा_मजला
गढूळ पाणी उकळलं की झालं की! वासही जातो.

पंपघर
वास कमी होतो, गाळ नाही. तो खाली बसू द्यावा लागतो, नाहीतर ते पाणी फ्लशला वापरा.

तळमजला_कावेरी
काका, चौघांना नऊ तासांना किती भरू?

पंपघर
पिण्या-स्वयंपाकाला वीसेक लिटर झाकून वेगळं. खरं पाणी खातो तो फ्लश. जुन्या टाकीला एका वेळी दहा लिटर धरा. चौघांनी दोनदा केला तरी ऐंशी, म्हणजे वीस लिटरच्या चार बादल्या. भांड्यांना अजून दोन. फ्लशची टाकी आदल्या रात्री भरलेली असतेच, पहिला त्यातलाच.

गच्चीवरची
आमच्या टाकीचं झाकण वाऱ्याने उडतं, विटा ठेवल्या तरी. काय करू?

बादलीवाली
आले. ज्यांच्याकडे रांगतं बाळ आहे त्यांनी भरलेली बादली बाथरूममध्ये ठेवून दार लावा. माझा भाचा डोकं खाली करून वाकला होता, वहिनीने पाय धरून ओढला. अजून अंगावर काटा येतो.

दुसरा_मजला
बापरे. आणि उरलेलं पाणी?

बादलीवाली
दुसऱ्या दिवशीच ओतून टाक, झाडांना घाल. आठवडाभर उघडं राहिलं की डास होतात.

गच्चीवरची
झाकणाचं कुणीतरी सांगा ना.

पंपघर
ताई, कडीला तार बांधा. बाकी फिल्टर किती वेळाने सुरू करायचा, यावर आमच्यात अजून वाद आहे. मी काचेच्या ग्लासात पाणी घेऊन उजेडात धरतो, तळाशी काही बसत नाही तोवर कॉक उघडत नाही. शेजारी म्हणतात, रात्रभर थांबा.

तळमजला_कावेरी
मी रात्रभर थांबते मग. आणि गुरुवारी निघताना सगळे नळ दोनदा पिळणार.