मित्राच्या कॉम्प्युटरवर माझा गेम पळत का सुटतो?

ऐरोलीकर: पायगेममध्ये गेम बनवतोय. लूपमध्ये `player.x += 4` लिहिलंय. माझ्या लॅपटॉपवर 60 एफपीएस मिळतात, खेळाडू छान चालतो. कळव्याच्या मित्राकडे 150 मिळतात आणि तिथे तो सुसाट सुटतो. काय करू?

नौपाड्याचा बंड्या: लूपच्या शेवटी `clock.tick(60)` टाक. विषय संपला. उगाच डेल्टा टाइमची भानगड कशाला?

मेधा, वाशी: बंड्या, तू सांगतोस ती फक्त वरची मर्यादा झाली. जुन्या मशीनला 30च जमले, तर खेळाडू निम्म्या वेगाने रांगेल. ऐरोलीकर, तुझे 4 पिक्सेल दर फ्रेमला आहेत. म्हणजे तुझ्याकडे सेकंदाला 240, मित्राकडे 600. वेग सेकंदाच्या हिशेबात लिही:

```python
dt = clock.tick(60) / 1000
px += 240 * dt
player.x = round(px)
```

`px` मुद्दाम वेगळा ठेवलाय, ते विसरू नकोस. `Rect` पूर्णांकच साठवतो, अपूर्णांक कापून टाकतो. `tick` मधली 60ची मर्यादा काढलीस, तर 150 एफपीएसला एका फ्रेमचे 1.6 पिक्सेल होतात. थेट `player.x` मध्ये मिळवलेस, तर 100 वरून उजवीकडे 101.6 चे 101 होतात, पण डावीकडे 98.4 चे 98. म्हणजे खेळाडू डावीकडे दुप्पट वेगाने जातो. मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे, कारण मला वाटत होतं की कीबोर्डच बिघडलाय.

घणसोली: ताई, मी `dt` लावला आणि नवीनच दुखणं आलं. विंडोजवर खिडकी माऊसने धरून सरकवली की चेंडू भिंतीतून आरपार!

मेधा, वाशी: खिडकी धरलेली असताना लूप थांबतो. सोडल्यावर पहिला `dt` दोन-दोन सेकंदांचा येतो आणि चेंडू एका उडीत भिंतीपलीकडे पडतो. `dt = min(dt, 0.05)` कर. तेवढा वेळ गेम मागे पडेल, पण भिंत शाबूत राहील.

नौपाड्याचा बंड्या: बघा, ठिगळावर ठिगळ! आणि उडीचं काय? मी 600 वेग आणि 1500 गुरुत्व घेऊन करून पाहिलं, आधी वेग बदलून मग जागा. 60 एफपीएसला उडी 115 पिक्सेल, 30ला 110. `dt` लावूनही! काठावरचा प्लॅटफॉर्म एकाला मिळणार, दुसऱ्याला नाही.

मेधा, वाशी: हे मात्र खरं. सरळ चालीला `dt` पुरतो, वेगच बदलत असेल तर फरक उरतो. तिथे उलटलेला वेळ साठवायचा आणि 1/60 सेकंदाच्या सारख्या पावलांनी गेम पुढे न्यायचा. चित्र मग कितीही वेळा काढा.

नौपाड्याचा बंड्या: म्हणजे शेवटी ठरलेला 60च आला की!

मेधा, वाशी: हिशेबाला 60, मशीनला नाही. मंद मशीन एका फ्रेममध्ये दोन पावलं टाकेल, तुझ्या `tick(60)` ने ते होत नाही.

ऐरोलीकर: `px` वेगळा केला, दोन्हीकडे चाल सारखी झाली. उडी अजून घातलेली नाही. 5 पिक्सेलांसाठी सगळा लूप बदलू का?

घणसोली: मी तरी नाही बदलणार.